टायटल ब्लॉकमधली रिकामी ओळ

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची कामं आमच्या चौघांच्या ग्रुपमध्ये वाटली जात होती तेव्हा मी काहीच बोलले नाही, म्हणून ड्रॉइंग माझ्याकडे आलं.

"तू इंग्लिश मीडियमची ना? मग टायटल ब्लॉकमधली स्पेलिंग्ज तरी बरोबर येतील," ग्रुप लीडर म्हणाला. तो मनमाडहून रोज ये-जा करायचा आणि गाडी वेळेवर आली तरी लेट झाल्यासारखा चेहरा करून वर्गात शिरायचा. बाकीच्या दोघांपैकी एकाने मोटर आणायची होती आणि दुसऱ्याने रिपोर्टला स्पायरल बाइंडिंग करून आणायचं होतं. यंत्र होतं कांद्याची पात कापण्याचं. नाशिकमधल्या कॉलेजांमध्ये दरवर्षी कोणी ना कोणी कांद्याची पात कापतंच.

टायटल ब्लॉक म्हणजे शीटच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातली चौकट. भागाचं नाव, मटेरियल, स्केल, तारीख, शीट नंबर, प्रोजेक्शनचं चिन्ह, आणि 'ड्रॉन', 'चेक्ड', 'अप्रूव्ह्ड' असे नावांचे तीन रकाने. आमच्या डिपार्टमेंटमध्ये शीटचा बाकीचा भाग ही या चौकटीभोवतीची मोकळी जागा समजली जायची. मी पहिल्यांदा ड्रॉइंग दाखवायला नेलं तेव्हा गाइड सरांनी चष्मा वर करून थेट कोपरा गाठला.

"एचओडी सरांच्या नावाआधी 'डॉक्टर' कुठंय?"

दुसऱ्यांदा 'डॉक्टर' होतं, पण सरांचं स्वतःचं नाव एचओडी सरांच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या, नावापेक्षा मोठ्या अक्षरांत आलं होतं. तिसऱ्यांदा ते फारच लहान झालं होतं. चौथ्यांदा शीर्षकाच्या सुरुवातीला 'डिझाइन अँड फॅब्रिकेशन ऑफ' घालायला सांगितलं. ते घातल्यावर शीर्षक दोन ओळींचं झालं आणि स्केलचा रकाना चौकटीबाहेर गेला. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. चारही खेपांना सरांची नजर व्ह्यूंपर्यंत, म्हणजे खुद्द आकृत्यांपर्यंत, पोचली नाही.

'ड्रॉन'च्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं होतं. ड्रॉइंग मी केलं होतं, म्हणून. लीडरने लॅपटॉप स्वतःकडे ओढून ते काढलं आणि आपलं टाकलं.

"तिथं लीडरचंच नाव जातं. पद्धत आहे ती. तुझं रिपोर्टमध्ये येईल ना, आत."

मी "हो" म्हणाले. माझे बरेचसे 'हो' हे दोन 'नाही'च्या मधे जागा न मिळाल्यामुळे निघालेले असतात.

खरी अडचण चिन्हात होती. आपल्याकडे ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये काढतात. समोरून दिसणारा व्ह्यू घ्यायचा, वरून दिसणारा त्याच्या खाली मांडायचा आणि डावीकडून दिसणारा उजवीकडे. थर्ड अँगलमध्ये याच्या उलट, वरचा वर आणि डावीकडचा डावीकडे. कोणती रीत वापरली ते कळावं म्हणून टायटल ब्लॉकमध्ये एक छोटंसं चिन्ह असतं. टोक कापलेला शंकू आणि शेजारी एकात एक दोन वर्तुळं. शंकूची निमुळती बाजू वर्तुळांपासून लांब असेल तर फर्स्ट अँगल, वर्तुळांकडे असेल तर थर्ड.

डिपार्टमेंटची टायटल ब्लॉकची फाइल सिनियर्सकडून ज्युनियर्सकडे पेनड्राइव्हवरून येते. त्या फाइलमधली निमुळती बाजू वर्तुळांकडे होती.

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीवरच्या फ्रेम केलेल्या जुन्या शीट पाहिल्या. सगळ्यांचे व्ह्यू फर्स्ट अँगलमध्ये, सगळ्यांवर चिन्ह थर्डचं. आजवर अडलं नव्हतं, कारण ज्या शीट लावल्या होत्या त्यांतले भाग बहुतेक पुढून-मागून सारखेच होते. प्रत्येक चौकटीच्या वर दुरुस्त्यांच्या नोंदीचा तक्ताही होता. क्रमांक, काय बदललं, तारीख, सही. तो सगळीकडे कोरा. आमच्या डिपार्टमेंटमध्ये कधी कोणाचं काही चुकलंच नव्हतं.

आमचा भाग मात्र सारखा नव्हता. मोटरचा ब्रॅकेट होता. खाली आडवी प्लेट, तिच्या मधोमध पुढून मागे जाणारी उभी प्लेट, आणि आडव्या प्लेटच्या डाव्या टोकाला, पुढच्या कोपऱ्यात वर आलेला एक छोटा कान. त्या कानाला पात्याचं गार्ड बसणार होतं. थर्ड अँगलचं चिन्ह पाहून कोणी खालचा व्ह्यू खालून पाहिलेला समजला, तर कान मागे गेला असता. म्हणजे उजव्या पायाच्या चपलेऐवजी डाव्या पायाची. गार्ड बसलं नसतं आणि पातं उघडं राहिलं असतं.

मी चिन्ह गुपचूप बदललं. पाचव्या खेपेला सरांना नेमकं तेच दिसलं.

"हे काय केलंस?"

"सर, ते सिम्बॉल थर्ड..."

"अगं, इतकी वर्षं तेच आहे. फॉरमॅटला हात लावायचा नाही. उद्या तू म्हणशील लोगो बदलते."

लीडर मागे उभा होता. तो हसला, तेही सरांना ऐकू जाईल इतकंच. मी जुनं चिन्ह परत टाकलं. त्या शीटवर तिन्ही सह्या झाल्या. सरांनी ती दोन हातांनी लांब धरून पाहिली आणि म्हणाले, "आता कसं ड्रॉइंग वाटतंय."

तीच शीट फोटो काढून वर्कशॉपला पाठवायची असं लीडरने ठरवलं. मी म्हणाले, मी स्वतः जाते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, एवढ्या लांब, कोणी आपणहून जात असेल तर त्याला अडवण्याची आमच्या ग्रुपमध्ये पद्धत नव्हती.

जायच्या आधी मी दुसरी प्रिंट काढली. व्ह्यू तेच, मापं तीच, चिन्ह फर्स्टचं, स्केल पुन्हा चौकटीत. 'ड्रॉन'मध्ये माझं नाव. कोणी बघणार नव्हतं, म्हणून धीर झाला. द्वारका चौकात रिक्षा अर्धा तास अडकली तेव्हा मी ड्रॉइंगची नळी मांडीवर धरून बसले होते आणि शेजारच्या मावशींनी ती बासरी आहे का, असं विचारलं.

वर्कशॉपवाल्या काकांनी प्रिंट टेबलावर पसरली आणि चारही कोपऱ्यांवर नट ठेवले. बोट आधी चिन्हावर ठेवलं, मग व्ह्यूंवरून फिरवलं.

"फर्स्ट अँगल. बरं. कॉलेजचा कागद हाय ना हा?"

"हो."

"मंग चिन्ह बरोबर कसं काय?"

मी नळीचं झाकण लावू लागले.

"अहो ताई, तुमच्या कॉलेजचा कागद आला की मी चिन्हाकडं बघतच नाय. फोन लावून विचारतो, कान कुठं पायजे, पुढं का मागं. पोरं म्हणतात, 'काका, तुम्हीच बघा ना.'" त्यांनी 'ड्रॉन'चा रकाना वाचला. "ही तुम्हीच का?"

"हो."

"लय भारी. आता फोन नाय लावत."

ब्रॅकेट चार दिवसांत आला. गार्ड पहिल्याच प्रयत्नात बसलं. लीडर सगळ्यांना सांगत होता की त्याने वर्कशॉपचा पाठपुरावा केला.

परीक्षेला बाहेरून आलेल्या बाई कॉलेजात शिकवायच्या आधी कारखान्यात होत्या, असं सर आदल्या दिवशीच काळजीने म्हणाले होते. बाईंनी यंत्र चालवून पाहिलं, दोन कांद्यांची पात कापली, मग ब्रॅकेट सोडवून मागितला. एका हातात ब्रॅकेट घेऊन त्या सह्यांच्या शीटसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी आधी कान पाहिला, मग चिन्ह. गाइड सरांनी बिस्किटांची बशी पुढे केली.

"हा पार्ट या ड्रॉइंगचा नाही," बाई म्हणाल्या. "या चिन्हाप्रमाणे कान मागे हवा. इथे पुढे आहे. काय चुकलंय, पार्ट की ड्रॉइंग?"

"पार्ट, मॅडम," लीडर लगेच म्हणाला. "वर्कशॉपवाले नीट बघत नाहीत."

काकांनी चार नट ठेवून तो कागद वाचला होता.

"ड्रॉन बाय, तुमचंच नाव ना हे?"

"नाव माझं आहे मॅडम, म्हणजे लीडर म्हणून. काढलं ग्रुपने."

"चेक्ड?"

गाइड सर म्हणाले, "फॉरमॅट डिपार्टमेंटचा आहे, मॅडम." एचओडी सर म्हणाले, त्यांच्याकडे शीट चेक होऊनच येतात. महिनाभर ज्या चौकटीत शिरायला सगळ्यांची रेटारेटी चालली होती, ती दोन मिनिटांत रिकामी झाली. मला फक्त गप्प राहायचं होतं. तिथे माझं नाव नव्हतंच, आणि गप्प राहणं हा माझा हातखंडा. पण मी गप्प राहिले असते तर चूक काकांच्या नावावर गेली असती, आणि त्यांचं नाव तर कुठल्याच रकान्यात नव्हतं.

"मॅडम, पार्ट बरोबर आहे," मी म्हणाले. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "चिन्ह चुकलंय. ड्रॉइंग मी काढलंय."

"कशावरून? चिन्ह बरोबर आणि व्ह्यू चुकीचे मांडलेत, असंही असेल."

"बाजूच्या व्ह्यूमध्ये कान अखंड रेषेत आहे. तो व्ह्यू उजवीकडून घेतलेला असता तर कान उभ्या प्लेटच्या पलीकडे लपला असता, तुटक रेषेत आला असता." मग मी नळीतून दुसरी प्रिंट काढली. "वर्कशॉपला ही दिली होती."

बाईंनी दोन्ही शीट शेजारी-शेजारी ठेवल्या. त्यांची नजर दोन नावांवरून गेली, माझ्यावर आली.

"म्हणजे पास व्हायला एक आणि पार्ट बनवायला दुसरी?"

मी मान हलवली. लीडर छताच्या पंख्याकडे बघत होता.

"मग चूक दिसत असून सह्यांच्या शीटवर तशीच ठेवलीत, ही तुमची चूक. मार्क जातील." त्यांनी स्वतःचं पेन माझ्यापुढे केलं. "नवीन प्रिंट काढायची नाही. हा वरचा तक्ता कशासाठी असतो, माहितीय ना? भरा."

मी सगळ्यांसमोर वाकून लिहिलं. क्रमांक एक. प्रोजेक्शनचं चिन्ह दुरुस्त केलं. तारीख. सहीच्या जागी माझी आद्याक्षरं. मग जुन्या चिन्हावर एक रेघ मारून शेजारी नवं काढलं, हाताने. वर्तुळं थोडी वाकडी आली. सर शेजारून हळूच म्हणाले, "नीट काढ, फ्रेम करायची आहे."

माझे मार्क गेले. लीडरचे, पुढाकारासाठी, वाढले.

यंदा माझ्या कॉलनीतली एक मुलगी त्याच डिपार्टमेंटला शेवटच्या वर्षाला आहे. तिने परवा तिची शीट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. 'ताई, जरा बघ ना, उद्या सरांना दाखवायचीय.' तिच्या ग्रुपचं यंत्र द्राक्षाच्या पेट्यांना पट्टी लावण्याचं होतं. चिन्ह फर्स्टचं होतं, सुबक, कॅडमध्ये काढलेलं. 'ड्रॉन'मध्ये कोणा मुलाचं नाव होतं. आणि वरच्या तक्त्यात, पहिल्या ओळीत, माझी तारीख आणि माझी आद्याक्षरं; फ्रेममधली आमची शीटच कोणीतरी नवा फॉरमॅट म्हणून जशीच्या तशी उतरवली होती.

'ही ओळ काढ. ती दुरुस्ती तुझ्या ड्रॉइंगमधली नाही,' मी लिहिलं.

तिचं उत्तर लगेच आलं. 'नाही ग ताई, सर म्हणाले फॉरमॅटला हात लावायचा नाही.'

मी तिची शीट पुन्हा मोठी करून पाहिली. मग लिहिलं, 'बरं, ती राहू दे. पण ड्रॉइंग कोणी काढलंय?'

'मी,' तिने लिहिलं.

'मग तो रकाना आधी दुरुस्त कर.'

ती बराच वेळ टाइप करत होती, थांबत होती. शेवटी आलं, 'दोन प्रिंट काढू का?'

'नको,' मी लिहिलं. 'एकच काढ.'