स्लॅबचा हप्ता

कडावजवळच्या आमच्या शाळेची इमारत टप्प्याटप्प्याने बांधायची होती; तोवर वर्ग देवळात भरत. जोतं, लिंटेल, मग स्लॅब. एकेक टप्पा पूर्ण झाला की अभियंता मोजमाप घेई. मुख्याध्यापिका म्हणून मी आणि शाळा समितीचे अध्यक्ष सही करत असू, तेव्हाच ठेकेदाराला त्या टप्प्याचा हप्ता मिळे. "काम बघितल्याबिगर सही करायची नाय, बाई," असं अध्यक्षच मला सांगत. मी त्यांना भाऊ म्हणे.

ऑपरेशनसाठी मी रजेवर गेले. परतले तेव्हा वर नुसत्या फळ्या नि सळया होत्या. स्लॅब पडलाच नव्हता, पण त्याचा हप्ता गेला होता. अभियंत्याने खोटं मोजमाप लिहिलं होतं आणि माझ्या जागी प्रभारी शिक्षिकेने सही केली होती.

"भाऊ म्हणाले, उद्याच स्लॅब पडतोय," ती रडवेली होऊन म्हणाली.

मी तडक भाऊंच्या घरी गेले.

"ठेकेदार माजा जावई हाय," ते शांतपणे म्हणाले. "त्याची नड होती. तुमची काय, बदली होईल. मला पोरीचं बघायला लागतं."

मी पंचायत समितीत तक्रार दिली. चौकशी लागली, पुढचे हप्ते थांबले. वर्ग अजून देवळात भरतात. बाईंनीच शाळा अडवली, असं गावात बोलतात. भाऊ ते ऐकतात आणि गप्प बसतात.