नारूच्या पत्रकातली कापलेली ओळ

निजामाच्या अमदानीत औरंगाबादेत माझा शिळाछाप छापखाना होता. शाळा चौथीपर्यंत; बाकी सगळं पत्रिका आणि हँडबिलं लिहूनच शिकलो. म्हणूनच सरकारी दवाखान्याचे डॉक्टर माझ्याकडे आले. नारूवरचा, म्हणजे पायातून दोऱ्यासारख्या निघणाऱ्या जंतावरचा, त्यांचा शोधनिबंध इंग्रजीत छापून आला होता आणि त्यातलं रोग्यांना समजेल असं एका पानाचं पत्रक त्यांना हवं होतं. ते उर्दूत सांगत, मी मराठीत उतरवी.

पायऱ्यांच्या बारवेचं पाणी पिणाऱ्या गावांत ते हिंडले होते. पाणी दुहेरी फडक्यातून गाळणाऱ्या घरांत नारू कमी आढळला, एवढं त्यांचं म्हणणं. मी लिहिलं, ‘गाळलेल्या पाण्यानं नारू होत नाही.’ त्यांनी खोडून ‘कमी होतो’ केलं. मी चिडलो, ‘कमी’ ऐकून कोण फडकं धरणार? ते हटले नाहीत. मग मी दुसऱ्या ओळीवर हट्ट धरला. नारू शरीरात वर्षभर वाढतो, म्हणून आधी प्यालेल्या पाण्याचा नारू गाळायला लागल्यावरही निघू शकतो, अशी शेवटची ओळ होती. लोक इतकं लांब ऐकत नाहीत म्हणून तासभर घासाघीस करून मी ती कापायला लावली.

“तुम्ही भाजीबाजारात बसायला हवं होतं,” डॉक्टर थकून म्हणाले.

चार महिन्यांनी खुलताबादकडची एक बाई दवाखान्यात आली. पत्रक गावात तिनंच वाचून घेतलं होतं, बारवेवर बायांना फडकी धरायला लावली होती. आता तिच्याच पायातून नारू निघाला होता. डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. निबंधावर त्यांचं नाव होतं, पत्रकावर कुणाचंच नव्हतं. बोल लागायची वेळ आली तेव्हा मात्र ते माझं झालं. ते मला अजून सलतं.

“कागद खोटा हाय भाऊ,” बाई म्हणाली. “बायांनी फडकी सोडली. म्हणत्यात, हिलाच निघाला.”

मी तिला कापलेली ओळ तोंडी सांगितली. तिनं पायाची पट्टी चाचपली.

“मंग हा गेल्या सालचा?”

“गाळायच्या आधीचा. नवा शिरू नये म्हणून गाळायचं. आणि जखम बारवेत बुडवू नका, नाहीतर नारूचं बी पाण्यात पडतं आणि पुन्हा तेच.”

“हे आधी का नाय लिव्हलं?”

डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. ओळ मी कापली, असं मीच सांगितलं. त्यांनी कापू दिली, हेही सांगावंसं वाटलं, गिळलं.

उरलेल्या पत्रकांच्या तळाशी ती ओळ मी हातानं लिहिली. दोन दिवस गेले, बोटं आखडली. मग बाई पट्टी बदलायला आली तेव्हा तिला वाचून दाखवून विचारलं, काय समजलं? तिनं तिच्या शब्दांत सांगितलं, माझ्यापेक्षा थोडक्यात. तिचेच शब्द मी पुढच्या छपाईत घातले.

“आता बारवेवर तुमीच चला,” ती म्हणाली. “माझं कोण ऐकतंय?”

गेलो. बाया ऐकून घेत होत्या. त्यातल्या दोघींनी घागरीवर फडकं बांधलं, बाकीच्या तशाच भरून गेल्या.