कर्णावरचा आकडा

खडूबाईंना खरं नाव विचारलं असतं तर त्यांनाच घटकाभर आठवावं लागलं असतं. कॉलेजात गणित शिकवण्यात उभा जन्म गेला. बाहीला खडू, केसांना खडू, कधी नाकाच्या शेंड्यालासुद्धा. पोरांनी नाव पाडलं आणि ते चिकटलं. घरी नवराही तेच म्हणायचा, मग रागावणार कुणावर?

पुढे मेंदूत गुठळी झाली. जीव वाचला, हातपाय चालायला लागले, पण शब्द ऐनवेळी दडी मारायचे. 'भागाकार' म्हणायला जावं तर तोंडून 'दरवाजा' यायचं. नवरा मुळीच हसायचा नाही, आणि बाईंना तेच जास्त लागायचं.

विभागप्रमुख त्यांचाच जुना विद्यार्थी. वर्गात डुलक्या काढायचा म्हणून बाईंनी त्याचं नाव 'झोपाळू' ठेवलेलं. आता तोच मान खाली घालून म्हणाला, "बाई, एक तास घ्या. मी मागे बसतो. जमलं तर वर्ग तुमचाच. नाहीतर..." पुढचं त्याच्याच्याने बोलवेना. नाहीतर ग्रंथालयात खुर्ची, आणि फळ्याला कायमचा रामराम.

"अनंत शिकवते," बाई म्हणाल्या. "तो मला झोपेतही येतो."

सुरुवात झकास झाली. "मोजायचं म्हणजे जोड्या लावायच्या," बाई सावकाश, शब्द चाचपत बोलत होत्या. "एकाला दोन, दोनाला चार, तिनाला सहा. कुणी उरलं का? नाही. म्हणजे सगळे आकडे आणि नुसते सम आकडे सारखेच. अपूर्णांकसुद्धा असे रांगेत उभे करता येतात. पण शून्य ते एकमधल्या सगळ्या संख्या? समजा, कुणी म्हणालं, केली मी त्यांची रांग."

त्यांनी फळ्यावर द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून संख्या लिहिल्या, एकीखाली एक. "पहिलीचा पहिला अंक बघा, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा. असं तिरकं, कर्णावरून खाली यायचं. शून्य असेल तिथे एक करा, एक असेल तिथे शून्य. जी संख्या तयार होते ती रांगेतल्या प्रत्येकीपेक्षा एका तरी अंकात वेगळी. म्हणजे ती रांगेत नाहीच!"

"मग तिलाही रांगेत घालू की," कुणीतरी म्हणालं.

"घाल ना बाबा. नव्या रांगेचा नवा कर्ण काढते. पुन्हा एक बाहेर. कशीही रांग लाव, कुणीतरी सुटणारच. म्हणून हा अनंत त्या अनंतापेक्षा मोठा."

वर्ग हसला. मागे विभागप्रमुखाचा चेहरा खुलला. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीने हात वर केला.

"बाई, पहिलीच संख्या ०.१००० अशी असली, आणि पुढच्या प्रत्येकीच्या कर्णावर शून्यच आलं तर? उलटून ०.०१११ होणार, पुढे सगळे एकच एक. पण द्विमान पद्धतीत ती तर पहिलीच आहे ना? आपलं ०.४९९९... म्हणजे ०.५ असतं, तसं. अंक वेगळे, संख्या तीच."

बाई फळ्याकडे वळल्या. पोरगी शंभर टक्के बरोबर होती. यावर उपाय होता, बाईंनी तो आयुष्यभर शिकवला होता, आणि आत्ता तो कुठे म्हणून सापडत नव्हता. विभागप्रमुख मदतीला उठू लागला.

"बस रे झोपाळू!" बाई कडाडल्या. मग मुलीला म्हणाल्या, "तुझं बरोबर. माझं चुकलं. थांब जरा."

वर्ग थांबला. पुटपुटत चाचपडताना बाईंना तो उपाय सापडला. बाईंनी फळा पुसला आणि नेहमीचे दहाही अंक वापरून रांग पुन्हा मांडली. "कर्णावर पाच असेल तर चार लिहायचा. दुसरं काहीही असो, पाच लिहायचा. आता नव्या संख्येत फक्त चार आणि पाच. नवांचं शेपूट नाही, शून्यांचं नाही, म्हणजे तिला दुसरं रूपच नाही. सांग आता, आहे का ती रांगेत?"

मुलीने कर्णावरचा एकेक अंक बोटाने तपासला. मग हळूच म्हणाली, "नाही, बाई."

वर्ग रिकामा झाल्यावर विभागप्रमुख जवळ आला. "ती चूक मुद्दाम केलीत ना? आम्हालाही तुम्ही अशाच मुद्दाम चुकून दाखवायच्या. मी अहवालात तसंच लिहितो."

'हो' म्हटलं की सुटका होती. अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही रे," बाई म्हणाल्या. "तेव्हा मुद्दाम चुकायचे. आज खरंच विसरले." आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्याने टेबलावरचा उरलेला खडू उचलून त्यांच्या हातात ठेवला.

"उद्या दहाला तास आहे, बाई. आणि ती पोरगी पुढच्याच बाकावर बसणार आहे. तयारी करून या."