'आम्ही' म्हणजे नक्की कोण?

"आम्ही म्हणजे कोण? अहो, आम्ही म्हणजे नक्की कोण? किती जण राहता तुम्ही त्या एका शर्टात?"

माझ्या मॅनेजर मॅडम एवढ्या जोरात ओरडल्या की माजिवड्याच्या आमच्या ऑफिसातला एसी घाबरून बंद पडला. पटत नसेल तर एसीचं सोडून द्या. मला घाम फुटलेला, तेवढं तरी धरा. मी त्यांच्या टेबलासमोर उभा होतो आणि त्यांच्या स्क्रीनवर माझा मेल उघडा होता. त्यातला प्रत्येक 'आम्ही' त्यांनी पिवळा करून ठेवलेला. पान कसलं, झेंडूचं शेत दिसत होतं.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत आमच्या इमारतींत कुठेही लिफ्ट अडकली की फोन माझ्या टेबलावर येतो. मी टेक्निशियन पाठवतो आणि तो पोचेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत बसतो. दर मार्चअखेर आम्हाला आपापल्या मॅनेजरला एक मेल लिहावा लागतो, सेल्फ-अप्रेझलचा. एप्रिलमध्ये ठरलेली उद्दिष्टं कुठवर गेली, वर्षभरात काय शिकलात, पुढच्या वर्षी काय करणार. एरवी मी तो जेवणाच्या सुट्टीत, एका हातात चपातीची गुंडाळी धरून लिहितो. या वर्षी मात्र माझं सगळं त्याच्यावर अडलेलं. टिटवाळ्याला इमारतींवर इमारती उभ्या राहतायत, तिथे आमचं सर्व्हिस सेंटर उघडणार होतं आणि त्याचा इन्चार्ज आमच्यातलाच कोणीतरी होणार होता. मला ते हवं होतं. आठ वर्षं मी लोकांना बंद दारातून बाहेर काढतोय. एखादं दार आपण स्वतः उघडावं, सकाळी आपल्या हाताने, असं वाटायला लागलेलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं हवं होतं तर मेलमध्ये बढाई मारायची. बढाईत मी कमी नाहीच. खालच्या टपरीवर चहा पिणाऱ्या कोणालाही विचारा. कल्याणच्या एका इमारतीत लिफ्टमध्ये अडकलेल्या आजोबांशी मी फोनवर इतक्या आपुलकीने बोललो की दार उघडल्यावर त्यांनी बाहेर यायला नकार दिला, म्हणाले आधी गप्पा पूर्ण होऊ देत. मेलचा पहिला खर्डाही मी त्याच तोलाचा केलेला. 'ठाणे जिल्ह्यातली उभी वाहतूक माझ्यामुळे सुरळीत झाली', अशी सुरुवात होती. इंग्रजीत तर ते वाक्य आणखीच उंच दिसत होतं.

पण तो खर्डा बाबांच्या नजरेस पडला.

बाबा सरकारी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. साहेबांचे अहवाल लिहिण्यात त्यांची हयात गेली. डोंबिवलीच्या आमच्या घरात वाणसामानाची यादीसुद्धा 'विषय' लिहिल्याशिवाय सुरू होत नाही. त्यांनी माझ्या मेलची प्रिंट मागवली, लाल पेन काढलं, आणि पहिल्या परिच्छेदातच थांबले.

"मी, मी, मी, मी. हा मेल आहे की बोकड?"

"बाबा, सेल्फ-अप्रेझल आहे. स्वतःबद्दलच लिहायचं असतं."

"स्वतःबद्दल लिहायचं असतं, स्वतःच नाचायचं नसतं. कार्यालयात 'मी' कोणी नसतो. 'आम्ही' असतो. आणि तोही शक्यतो 'करण्यात आले' असं लिहितो."

त्यांनी उभी वाहतूक आडवी केली. सगळे 'मी' गेले, सगळीकडे 'आम्ही' आले. मलाही ते वाचून आपण फार सभ्य माणूस आहोत असं वाटलं, आणि मी पाठवून दिला.

आता मॅडम तोच सभ्यपणा मला मोठ्याने वाचून दाखवत होत्या. मॅडम नौपाड्याच्या, जुन्या ठाण्यातल्या. त्यांचं मराठी इतकं शुद्ध की माझ्या इंग्रजी मेलचंही त्या वाचता वाचता मराठी करत होत्या.

"'आम्ही तक्रारींना मिळणारा प्रतिसाद सुधारला. आम्ही समन्वय वाढवला. आम्ही पुष्कळ शिकलो.' परवा मी बाकीच्या मॅनेजरांबरोबर बसणार आहे. प्रत्येक जण आपापल्या माणसाची बाजू मांडणार. मला कोणी विचारलं, याने काय केलं, तर काय सांगू? आम्ही केलं? टिटवाळ्याला तोच जाईल ज्याच्या मेलमध्ये कर्ता सापडतो."

"मॅडम, मी म्हटलं जरा नम्रपणे..."

"नम्रपणा घरी. आणि टपरीवरच्या गोष्टीही इथे नकोत. तुमचे ते आजोबा मी तीनदा ऐकलेत. दर वेळी ते एक मजला वर अडकलेले असतात."

मजल्यांचं खरं होतं.

"पाच वाजेपर्यंत दुसरा मेल पाठवा. प्रत्येक उद्दिष्टाखाली चार गोष्टी. काय ठरलं होतं, काय झालं, त्यात तुमचा वाटा काय, पुरावा कुठे आहे. जमलं नाही तेही लिहा, नाहीतर जमलेल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आणि चाव्यांचं कुठे आहे यात?"

"कुठल्या चाव्या?"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आमच्याकडे ही शेवटची सूचना समजतात.

चाव्यांचं असं होतं. जुन्या इमारतींमध्ये लिफ्टचं मशीन गच्चीवरच्या खोलीत असतं आणि त्या खोलीला कुलूप. आमचा टेक्निशियन वाऱ्यासारखा पोचायचा आणि कुलपापुढे उभा राहायचा. चावी सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी ऑफिसात. वॉचमन म्हणणार, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे आहे. काकू सांगणार, मी कालच वॉचमनला दिली. एका सोसायटीची चावी चक्क देवघरात सापडली, हळदकुंकू लावलेली. हे मात्र मी वाढवून सांगत नाहीये. तर गेल्या पावसाळ्यानंतर मी रोज दुपारी फोन कमी असायचे तेव्हा एकेका सोसायटीला फोन लावत गेलो. मशीनरूमची चावी कोणाकडे, दुसरी आहे का, ती व्यक्ती घरी नसेल तर कोणाला विचारायचं. सगळं एका शीटमध्ये टाकलं. दिवाळीपर्यंत शीट भरली आणि टेक्निशियन निघायच्या आधी चावी खाली गेटवर येऊन थांबायला लागली.

"ते काय मॅडम, ते नुसते फोन केले."

"मग 'नुसते फोन केले' असं लिहा. पण 'मी'ने सुरुवात करा."

जागेवर येऊन मी आधी शॉर्टकट मारला. संगणकाला सांगितलं, इंग्रजी 'वी' दिसेल तिथे 'आय' टाक. संगणक माझ्याहून आज्ञाधारक. त्याने शब्दांच्या पोटात शिरूनही 'वी' उपटले. 'वीकली रिपोर्ट'चा 'आयकली रिपोर्ट' झाला, 'पॉवर'च्या मध्येही मी जाऊन बसलो. सगळ्या पानावर मीच मी. बाबा बोकड ह्यालाच म्हणत असावेत. गुपचूप सगळं मागे घेतलं आणि हाताने लिहायला बसलो.

आणि गंमत बघा, टपरीवर तीन मजले चढवणाऱ्या माणसाला 'मी फोन केले' हे तीन शब्द लिहिता येईनात. लिहिलं की बाबांचं लाल पेन दिसायचं. शेवटी त्यांनाच फोन लावला.

"बाबा, मॅडमनी 'मी' लिहायला सांगितलंय."

"लेखी सांगितलंय?"

"तोंडी. पण मोठ्याने."

बाबा म्हणाले, "आमच्याकडे रेकॉर्डरूमची सूची मी केली होती. दोन वर्षं लागली. अहवालात 'कार्यालयामार्फत सूची तयार करण्यात आली' असं गेलं. तेही मीच लिहिलं होतं." मग पुन्हा हेडक्लार्कच्या आवाजात, "तुझ्या मॅडम म्हणतात तसं कर. तारीख टाकायला विसरू नकोस."

मी फोन ठेवला आणि सर्वात आधी तारीख टाकली. मग मी लिहिलं.

पहिलं उद्दिष्ट, तक्रार आल्यापासून टेक्निशियन काम सुरू करेपर्यंतचा वेळ कमी करणे. पूर्ण झालं. मी सोसायट्यांना फोन करून चाव्यांची यादी केली, ती सोबत जोडली आहे. टेक्निशियन दर भेटीत ती तपासून बदल कळवतात, तो वाटा त्यांचा. दुसरं, तीच लिफ्ट महिन्याभरात पुन्हा बंद पडण्याचं प्रमाण कमी करणे. हे पूर्ण झालं नाही. सुटे भाग उशिरा आले हे खरं, पण मी मागणी वेळेत नोंदवली नाही, हेही खरं. तिसरं, महिन्याचा अहवाल ठरलेल्या तारखेला देणे. दोन महिने चुकले, बाकी वेळेवर.

शिकलो काय? शीटमधून इमारतीवार तक्रारी वेगळ्या काढायला शिकलो आणि त्यातूनच कुलपांचा घोळ दिसला. शिवाय अडकलेल्या माणसाला 'काळजी करू नका' सांगून काही होत नाही. कोण येतोय, कुठवर पोचलाय, हे सांगितलं की त्याचा आवाज खाली येतो. पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट मी एकच ठेवलं. टिटवाळ्याचं सेंटर उघडेल त्या दिवशी तिथल्या प्रत्येक इमारतीची चावी आणि संपर्क यादीत असेल, आणि ती जबाबदारी मला मिळावी.

पाचला सात मिनिटं कमी असताना पाठवला. आजोबांना मनावर दगड ठेवून बाहेरच ठेवलं. मॅडमचं उत्तर लगेच आलं, 'मिळाला. कर्ता सापडला.'

त्यांच्या त्या बैठकीत काय झालं ते मला कळलं नाही. माझ्या सांगण्यात मॅडमनी टेबलावर मूठ आपटली आणि दोन मॅनेजरांच्या डोळ्यांत पाणी आलं. झालं एवढंच की तीन आठवड्यांनी त्यांनी मला आत बोलावून दार लावलं. श्रेणी मधलीच मिळाली, 'अपेक्षेप्रमाणे'. दुसऱ्या उद्दिष्टामुळे वरची देता आली नाही, असं त्या सरळ म्हणाल्या.

"मग टिटवाळा गेलं मॅडम?"

"टिटवाळा तुमचं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, ही चाव्यांची यादी कोणी केली. मी म्हटलं, याने. मेलमध्ये लिहिलंय."

मी कसा घरी पोचलो ते विचारू नका. माजिवडा ते डोंबिवली रस्ता त्या दिवशी माझ्यासाठी सरळ झालेला, एकही सिग्नल लाल नव्हता. दारातूनच ओरडलो, "बाबा! टिटवाळा मिळालं! मी इन्चार्ज! अख्ख्या सेंटरचा मी इन्चार्ज!"

बाबा भेंडी पुसत बसलेले. त्यांनी मान वर केली नाही.

"बरं," ते म्हणाले. "त्या सेंटरची चावी कोणाकडे असणार?"