काकूंच्या बोलण्यात शिरताना

पहिल्या वर्षी गटचर्चेत मी तोंडच उघडलं नाही. एमबीएच्या लेखी परीक्षेत गुण बरे होते, पण प्रवेशाआधी गोल बसवून एका विषयावर बोलायला लावतात, तिथं मी नुसती मान डोलावत बसले. वडील म्हणाले, "अजून एक वरीस बघ. न्हाईतर आष्ट्यातलं दुकान हायच." दुकान खतांचं. मला तो वास अजिबात सोसत नाही.

सांगलीच्या क्लासमध्ये सरांनी सांगितलं, विषयाच्या दोन्ही बाजू वाच, जवळचं एखादं उदाहरण हाताशी ठेव, आणि समोरच्याचं नीट ऐकून त्याच्याच मुद्द्याला धरून आत शीर. वाचन जमलं. शिरण्याचा सराव कुठं करायचा ते कळेना.

मग घराकडं लक्ष गेलं. दुपारी शेंगा फोडताना काकू आणि आत्या एकाच वेळी बोलायच्या. यापेक्षा अवघड गट कुठला मिळणार? मी रोज एक विषय टाकायची. "गावाजवळ कारखाने यावेत का?" एवढं म्हटलं की काकू विरोधात पेटायच्या. आत्यांचा मुलगा शिरवळला कंपनीत, त्यामुळं त्या दुसऱ्या बाजूनं.

सुरुवातीला मधे बोलले की अंगावर टरफलं यायची. मग लक्षात आलं, काकू श्वास घेतात तेवढीच फट. तेव्हा "काकू, तुमचं बरोबर हाय" म्हणायचं. त्या खूश होऊन थांबतात आणि पुढचं वाक्य आपलं. आत्या गप्प झाल्या की "आत्यांचं ऱ्हायलंय" म्हणायचं, मग आत्याही आपल्या. दोघींना वाटायचं, पोरगी माणसांत बसायला लागली.

पुण्यातल्या चर्चेत विषय निघाला, उद्योग लहान गावांत न्यावेत का. मला हसू आवरेना. टाय लावलेला एक मुलगा मात्र कुणाला बोलू देईना. मी ऐकत राहिले. त्यानं श्वास घेतला आणि इंग्रजी चर्चेत माझ्या तोंडून निघालं, "काकू, तुमचं बरोबर हाय."

तो अवाक झाला. परीक्षकांनी हसू लपवायला मान खाली घातली. लाजेनं माझे कान तापले, पण फट मिळाली होती. त्याचाच रोजगाराचा मुद्दा धरून मी इंग्रजीत शिरवळ सांगितलं: पोरांना कामं मिळाली, तशी खोल्यांची भाडीही वाढली. मग कोपऱ्यातल्या गप्प मुलीकडं वळून म्हटलं, यांचं राहिलंय. ती अडखळत बोलली, पण पाण्याचा मुद्दा आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता.

निकाल लागला तेव्हा दुपार होती. यादीतलं माझं नाव दाखवायला मी फोन हातात घेऊन धावत आले. दोघींचं भांडण रंगात होतं. मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एवढ्या तयारीनंतर मला माझ्याच घरात शिरता येईना.

तेवढ्यात काकूंनी हातातली शेंग खाली ठेवली.

"वन्सं, जरा थांबा," त्या आत्यांना म्हणाल्या, "पोरीचं ऱ्हायलंय."