पहिल्या रांगेत बसलेली सरजाबाई

...तर सरजाबाई विहाराच्या दारात उभी होती, इथपर्यंत आलो होतो आपण. आत जावं की माघारी फिरावं, तेच तिला ठरवता येत नव्हतं. आत सगळ्या बाया पांढऱ्या लुगड्यात, हिच्या अंगावर विटकं हिरवं.

लातूर जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कचेऱ्या वाढल्या, वसाहती वाढल्या, पाणी मात्र तेवढंच. त्यात पावसानं पाठ फिरवलेली. सरजाबाईच्या गावची विहीर आटली, तसं पोरानं तिला शहरात आणलं. पोरगा कचेरीत शिपाई, सून शिवणवर्गाला. दिवसभर भिंतींशी बोलायचं. म्हणून रविवारी वंदनेला आली. येताना दोन घागरी टँकरच्या रांगेत ठेवून आली. पाणी भरायचं काम तिचंच होतं, आणि तेवढ्यावरच सून जरा नीट बोलायची.

केवळाबाईनं तिला हेरलं. विहारातली जुनी बाई, मन मोठं, आवाज त्याहून मोठा.

"दारात काय उभ्या, माय? या, या. सरका गं, नवीन बाई हाय."

हात धरून थेट पहिल्या रांगेत. एकीकडं भिंत, दुसरीकडं केवळाबाई, मागं सगळी वसाहत.

वंदना सुरू झाली. गावाकडं निळा झेंडा होता, विहार नव्हता. पालीतल्या गाथा हिला कोण शिकवणार? त्रिशरण, पंचशील सगळे सुरात म्हणत होते, ही नुसती ओठ हलवत होती. सगळे गुडघ्यावर वाकले तेव्हा ही उभी, ही वाकली तेव्हा सगळे उठलेले. मागं कोणीतरी हसलं.

मग बौद्धाचार्य व्यंकटराव प्रवचनाला बसले. आणि विषय काय काढावा? नव्या माणसाचं स्वागत.

"नवीन माणूस आला की आपण त्याला बावरवतो," ते म्हणाले. "आडनाव काय, गाव कोणतं, नोकरी कुठं, पहिल्याच दिवशी विचारायचं न्हाई. नाव विचारायचं, आणि पुढच्या वेळी त्याच नावानं हाक मारायची."

केवळाबाई कानाशी वाकली. "आडनाव सांगू नका बरं. नाव काय तुमचं?"

"सरजा."

"शेजारी बसायचं," व्यंकटराव पुढं सांगत होते. "वंदनेच्या पुस्तकात ओळ बोटानं दाखवायची. ज्याला वाचता येत न्हाई त्याला सांगायचं, नुसते हात जोडून बसलात तरी चालतं. वाकायच्या आधी हळूच सांगायचं. दानाची पेटी त्याच्यापुढं सरकवायची न्हाई. वंदना झाली की आपापला घोळका करून बोलत बसायचं न्हाई. एकानं फाटकापर्यंत सोडायला जायचं."

एवढं झाल्यावर त्यांनी हात पुढं केला. "आता या आईच बघा, आज पहिल्यांदा आल्यात."

सगळ्या माना वळल्या. मागून पुस्तक आलं, उलटं. कोणी पाण्याचा पेला दिला, कोणी बसायला सतरंजीची घडी. सांगितलेलं सगळं सगळ्यांनी एकदमच करून टाकलं.

अन् तेवढ्यात गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला.

सरजाबाईची मान दाराकडं वळली. बाकीच्यांची पोरं घागरींपाशी उभी होती, हिच्या घागरींपाशी कोणी न्हाई. आज पाणी चुकलं तर सून काय म्हणणार ते तिला ऐकू येत होतं: सासूबाईंना बसायला विहार पाहिजे, अन् घरात प्यायला थेंब न्हाई. पण प्रवचन चालू असताना उठतात का? उठलं तर पाप लागतं का? कसं वागायचं ते व्यंकटरावांनी सगळं सांगितलं, बाहेर कसं पडायचं तेवढं सोडून. तिनं जरा चुळबुळ केली, तर केवळाबाईनं मायेनं हात दाबला. "बसा, अवघडू नका."

हॉर्न पुन्हा वाजला, आणि मग टँकर गेल्याचा आवाज आला. ती हात जोडून बसून राहिली. डोळ्यांतलं पाणी बघून व्यंकटरावांना वाटलं, बाईला धम्म भिडला.

फाटकापर्यंत तिला सोडायला बारा जण गेले. बाहेर गल्लीत तिच्या दोन रिकाम्या घागरी दिसल्या तेव्हा त्या रडण्याचा उलगडा झाला.

संध्याकाळी व्यंकटराव स्वतः दोन कळश्या पाणी घेऊन तिच्या दारात आले. सून कपाळाला आठ्या घालून उंबऱ्यात उभी.

"सूनबाई, तुमच्या सासूबाईंची काही चूक न्हाई. आम्हीच त्यांना कोंडलं," ते म्हणाले. सुनेनं कळश्या घेतल्या, आठ्या काही गेल्या न्हाईत. मग सरजाबाईकडं वळून ते म्हणाले, "आई, नव्या माणसाला आधी सांगायचं, कधीही उठलात तरी चालतं, हे आज माझ्या बोलण्यात राहिलं. पुढच्या रविवारी सगळ्यांना सांगतो. तुम्ही याल का?"

सरजाबाईनं सुनेकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"येईन की. पण मला दाराजवळ बसू द्या, अन् मी उठून गेले तर कोणी मागं वळून बघायचं न्हाई."