बावीस की तेवीस

ताईंचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि दुकानातल्या दिव्यांवर तर मुळीच नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या त्या दुकानात फाउंडेशनच्या काउंटरला उभं राहून त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. गिऱ्हाईक आलं की त्या आधी त्याचा चेहरा बघायच्या नाहीत, मान बघायच्या. "तोंड खोटं बोलतं," म्हणायच्या. "उन्हानं रापलेलं असतं, काहीतरी फासलेलं असतं. मानेला लपवाछपवी जमत नाही."

मग जबड्याच्या कडेवर, कानाखालून हनुवटीकडे, दोन-तीन रंगांच्या बोटभर रेघा ओढायच्या, त्यांचं टोक थोडं मानेवर उतरवायचं, आणि बाईला हाताला धरून दुकानाच्या दारात न्यायचं. तिथं पाच-दहा मिनिटं उभं करायचं, कारण वाळल्यावर फाउंडेशन किंचित गडद होतं आणि ओल्या रंगावर भाळणाऱ्या बायका घरी जाऊन रडतात. जी रेघ चेहरा आणि मान दोन्हींत विरून जाईल, दिसेनाशी होईल, ती खरी. पाठीमागे सगळे त्यांना जबडामॅडम म्हणायचे. ताईंना ते ठाऊक होतं. कोण आधी म्हणालं याचाही त्यांना संशय होता.

गव्हाळ ते सावळ्या रंगाच्या बायकांवर त्यांचा विशेष जीव. या बायकांना आयुष्यभर दोन शेड उजळ बाटली गळ्यात मारलेली असते. ताई तसं करू द्यायच्या नाहीत. "तुमच्या कातडीखाली सोनेरी झाक आहे," त्या बजावायच्या. "तिच्यावर गुलाबी झाकेचा रंग बसला की राख फासल्यासारखं दिसतं. उजळपणा नाही येत, आजारपण येतं."

आणि नेमक्या अशाच बायका गेल्या दोन महिन्यांत बाटल्या परत घेऊन येऊ लागल्या. एक नाही, दोन नाही, सात. सगळ्यांची तक्रार तीच: चेहरा राखाडी दिसतो.

ताईंच्या मनात पाल चुकचुकली. आपला डोळा चुकला, हा विचार त्यांच्या मनाच्या उंबऱ्यापाशीसुद्धा आला नाही. आधी त्यांनी कंपनीवर संशय घेतला, मग गोदामवाल्यावर. शेवटी नजर जाऊन थांबली शेजारी उभ्या राहणाऱ्या बाईवर. तिला कामाला लागून पाच महिने झाले होते, तरी सगळे तिला नवीच म्हणायचे. चाळिशीची, कमी बोलणारी, घरी अंथरुणाला खिळलेला नवरा. बाटल्या खोक्यात भरून देण्याचं काम तिचं. सोनेरी झाकेची बावीस नंबरची बाटली आणि तेवढ्याच गडद पण गुलाबी झाकेची तेवीस नंबरची, दोन्ही कपाटात शेजारी शेजारी. ही मुद्दाम अदलाबदल करते, आपल्याला तोंडघशी पाडून जागा बळकावायला बघते, असं ताईंनी मनाशी पक्कं केलं. आठ दिवस डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. काहीच सापडलं नाही, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. बाई भलतीच बेरकी असणार.

त्यांनी मालकांच्या कानावर घातलं. मालकांचा ताईंवर विश्वास. त्यांनी नवीला बोलावून सांगितलं, शनिवार शेवटचा.

शनिवारी दुपारी आठवी बाटली परत आली. आणणारी शाळेतली चित्रकलेची शिक्षिका होती, आणि चिडली होती.

"शाळेच्या अंगणात मुलींनी विचारलं, बाई, बरं नाही का?" तिनं बाटली काउंटरवर ठेवली. तेवीस.

"मी तुम्हाला बावीस दिली असणार," ताई म्हणाल्या आणि तिरक्या डोळ्यानं नवीकडे पाहिलं. नवी खाली मान घालून खोकी पुसत होती.

"तुम्ही स्वतः तेवीस म्हणालात. मी लिहून घेतलंय."

ताईंनी तो कागद उलटसुलट करून पाहिला, जसा काही तोही कटात सामील होता. "चला दारात," त्या म्हणाल्या. जबडा पुसला, दोन रेघा ओढल्या, घड्याळ लावून थांबल्या. दहा मिनिटांनी आरसा धरला. तेवीस विरून गेली होती. बावीस जराशी पिवळी उठून दिसत होती.

"बघा. तेवीसच बरोबर," ताई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता थबकल्या. म्हणजे नवीनं बाटली बदलली नव्हती. पण मग कंपनीनं...

"माझा नाही विश्वास," शिक्षिका म्हणाली. "रंगाबद्दल मला कुणी शेंडी लावू नये." आणि ती तशीच, जबड्यावर रेघा घेऊन, रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिली. ताई आरसा घेऊन तणतणत मागे गेल्या.

समोर इमारतीची सावली होती, वर मोकळं आभाळ. ताईंनी आरसा वर धरला आणि त्यांचा हात तिथंच राहिला. तेवीसची रेघ करड्या डागासारखी जबड्यावर बसली होती. बावीस कुठं ओढली होती ते शोधावं लागत होतं.

त्यांनी वळून दुकानाकडे पाहिलं. दारावर नारिंगी कापडाचं छत ताणलेलं होतं. खालचा उंबरा, भिंत, काच, सगळं नारिंगी उजेडात न्हालेलं. त्या उजेडात कातडीची खरी झाक सोनेरी की गुलाबी, हे कुणालाच कळलं नसतं. दोन महिन्यांपूर्वी ताईंनीच मालकांच्या मागे लागून ते बसवून घेतलं होतं. गिऱ्हाइकांच्या तोंडावर ऊन येतं म्हणून. रंगसुद्धा त्यांनीच निवडला होता.

एकोणीस वर्षं दिव्यांना शिव्या घातल्या आणि स्वतःच्या हातानं उजेडात भेसळ केली. आणि पोटावर पाय दिला तो तिसरीच्याच.

त्यांनी शिक्षिकेला बावीस बदलून दिली, माफी मागितली, आणि तडक मालकांच्या खोलीत गेल्या. मालकांनी ऐकून घेतलं. "छत उद्या काढू," ते हळू आवाजात म्हणाले. "बाकी कशाला उकरता? तिला सांगून झालंय. तुमचं नाव कशाला खराब करून घ्यायचं?"

क्षणभर, खोटं कशाला सांगायचं, ताईंना ते पटलं. मग त्या बाहेर आल्या आणि सगळ्या काउंटरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाटल्या हिनं बदलल्या नाहीत. चूक माझी होती. हिला काढायचं तर आधी मला काढा."

मालक दारात येऊन उभे राहिले आणि मान हलवून परत आत गेले. नवी राहिली.

नवीनं आभार मानले नाहीत. भरलेली पिशवी तिनं पुन्हा रिकामी केली, डबा फळीवर ठेवला, आणि म्हणाली, "मी तुम्हाला छत लावलं तेव्हाच सांगितलं होतं, ताई. दारात उभं राहिलं की माझा पांढरा कोट पांढरा दिसत नाही. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नकोस."

ताईंना ते आठवलं. त्या दिवशीपासूनच तर ही बाई त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली होती.

छत निघालं. बाटल्या परत येणं थांबलं. पण तेव्हापासून नवी प्रत्येक बाटली खोक्यात घालायच्या आधी ताईंच्या डोळ्यांसमोर धरते, नंबर मोठ्यानं वाचते आणि म्हणते, "बघून घ्या." गिऱ्हाईक समोर असलं तरी. आवाजात राग नसतो. ताईंनी एकदा सांगून पाहिलं, अगं, राहू दे आता.

"नको ताई," ती म्हणाली. "बघितलेलं बरं."

आणि ताई दर वेळी बघतात.